वीस रुपयांचं पाणी आणि शहात्तर पैशांचं पाणी

केम हे करमाळा तालुक्यातलं गाव दौंड-सोलापूर लोहमार्गावर, कुर्डुवाडीच्या अलीकडे लागतं. बाहेरच्यांना ते कुंकवामुळे माहीत असतं. आज इथे पिण्याचं पाणी चार भावांनी मिळू शकतं. किराणा दुकानातली एक लिटरची बाटली २० रुपयांच्या आसपास. रेल्वेचं ‘रेल नीर’ जिथे मिळतं तिथे १४ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याला १५ लागत होते, जीएसटी उतरला तसा रुपया कमी झाला. टेम्पोतून दारात येणारा वीस लिटरचा जार गावागावांत २० ते ४० रुपयांना, म्हणजे लिटरमागे एक ते दोन रुपये. आणि चौथा भाव घरातल्या भिंतीवर टांगलेल्या शुद्धीकरण यंत्राचा. तो कुठेच छापलेला नसतो, म्हणून बहुतेकांच्या लेखी ते पाणी फुकटच असतं. आठ महिन्यांनी मेकॅनिक ‘फिल्टर बदलावे लागतील’ म्हणतो तेव्हा मात्र तेच पाणी एकदम महाग वाटायला लागतं.

दोन्ही समजुती हिशेबात टिकत नाहीत. यंत्राच्या पाण्याला लिटरमागे ठरावीक दर असा नसतोच. तो घरोघरी बदलतो आणि मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: आत जाणारं पाणी किती जड आहे आणि घरात रोज किती लिटर काढलं जातं. यंत्र बारा हजारांचं घेतलं की अठराचं, याचा परिणाम आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

आधी पाण्याकडे बघू. हा सगळा पट्टा काळ्या बेसाल्ट खडकाचा आणि कमी पावसाचा. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी होते, ही सगळी त्याचीच लक्षणं. विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप म्हणजे टीडीएस. पिण्याच्या पाण्यासाठीच्या ‘आयएस १०५००’ या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य धरला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा अशी सवलत आहे. एका गावातही गल्लीगणिक फरक पडतो. नळाला धरणाचं पाणी येत असेल तर आकडा ३०० वर असू शकतो आणि पलीकडच्याच वाड्यातल्या चारशे फुटी बोअरला १४०० लागू शकतो.

हा फरक थेट खिशाशी येऊन भिडतो. टीडीएस ५०० च्या आत असेल आणि नायट्रेट-फ्लोराइडचा दोष नसेल तर आरओची गरजच नाही. गाळणी, कार्बन आणि अतिनील दिवा एवढ्यावर भागतं, आणि मेंब्रेन नावाचा सगळ्यात महागडा भाग हिशेबातून उडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी घालायला सांगितलं होतं, ते पाण्याची नासाडी टळावी म्हणून. विकणाऱ्याला हे सांगण्यात रस नसतो. तो तुमच्या ओसरीवर दोन ग्लास मांडतो, एकात तुमचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमचं पाणी तपकिरी गाळाने गढूळ होतं, त्याचं तसंच नितळ राहतं, आणि घरातली बाई ‘अगं बाई, हे पितो होय आपण!’ म्हणत तोंडावर पदर धरते. तो गाळ पाण्यातला नसतोच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, त्यामुळे लोखंडी सळईच झिजून गंज पाण्यात उतरतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून तिथे सळई झिजत नाही. चिमूटभर मीठ त्याच्या नितळ ग्लासात टाकून पुन्हा वीज सोडायला सांगा. तोही ग्लास तपकिरी होईल.

आता आरओ खरोखर लागतो असं घर घेऊ. पाच माणसं. पिण्याला, चहाला आणि डाळ-भाजीला मिळून रोजचे २० लिटर, म्हणजे वर्षाला ७३०० लिटर. बोअरचा टीडीएस हजाराच्या आत-बाहेर. खालचे भाव साधारण बाजारभाव म्हणून धरले आहेत. कंपनीनुसार कमी-जास्त होतील, तुमचे आकडे घालून हिशेब पुन्हा करता येईल.

यंत्र १२,००० रुपयांचं आणि ते आठ वर्षं चाललं, तर वर्षाला १५०० रुपये. यंत्राच्या बाहेर पारदर्शक भांड्यात बसवलेली पांढरी गुंडाळी असते, तिला स्पन फिल्टर म्हणतात. गाळ, माती, गंज तिथेच अडतो. ती तीन महिन्यांनी बदलायची. एक १२० ची धरली तर वर्षाचे ४८०. आतली दुसरी गाळणी आणि कार्बन फिल्टर वर्षातून एकदा, दोन्ही मिळून १२००. मेंब्रेन २००० रुपयांचं, दोन वर्षं टिकलं तर वर्षाचे १०००. शेवटचा चवीचा कार्बन आणि अतिनील दिवा दर वर्षी नाही लागत, पण सरासरी ५०० धरू. मेकॅनिकच्या दोन फेऱ्यांचे ६००. वीज अगदी किरकोळ: यंत्र साधारण ६० वॅट घेतं आणि तासाला १२ लिटर पाणी देतं, म्हणजे हजार लिटरला पाच युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाचे तीनशेच्या आत.

सगळं मिळून ५५८० रुपये. ७३०० ने भागले तर लिटरला ७६ पैसे.

या बेरजेत एक गोष्ट डोळ्यांत भरते. मूळ यंत्राचा वाटा पाव हिश्श्याहून जरासाच जास्त आहे. दोन-तृतीयांश पैसा फिल्टर, मेंब्रेन आणि मेकॅनिक यांच्यावर जातो. दुकानात आपण हुज्जत घालतो ती यंत्राच्या किमतीवर. विचारायला हवं ते वेगळंच: याचं मेंब्रेन कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाचं आहे, की याच कंपनीचं घ्यावं लागेल? स्वस्त यंत्राला त्याच कंपनीची महागडी कार्ट्रिज लागत असली तर दोन वर्षांत सगळी बचत उडून जाते.

बोअर चौदाशे-पंधराशे टीडीएसचा असला तर मेंब्रेन वर्षातच जाऊ शकतं, स्पन फिल्टर दोन महिन्यांनी लागतो, आणि क्षार चिकटू नयेत म्हणून एक अँटिस्केलंट कार्ट्रिज जोडावी लागते. वर्षाचा खर्च साधारण सोळाशेंनी वाढून ७२०० च्या आसपास जातो आणि लिटरला एक रुपया पडतो. कंपनीचा पाच हजारांचा वार्षिक देखभाल करार घेतला तरीही आकडा तिथेच, रुपयाच्या आसपास येतो. म्हणजे जड पाण्याला करार परवडतो, मध्यम पाण्याला सहसा नाही. मात्र करारात मेंब्रेन धरलेलं आहे ना, हे वाचून घ्यावं. ‘सर्व्हिस फ्री’ असं लिहिलेल्या बऱ्याच करारांत फक्त माणसाचं येणं फुकट असतं.

आता तेच यंत्र गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरी लावू. मुलगा पुण्यात, त्यानेच दिवाळीला बसवून दिलेलं. रोजचं पाणी ८ लिटर, वर्षाला २९२० लिटर. पाणी निम्म्याहून कमी झालं, पण खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. कार्बन लिटर मोजून संपतो तसा दिवस मोजूनही खराब होतो. ओलसर कार्बनात जंतूंची वाढ होते, म्हणून कमी वापरलं तरी वर्षाने बदलावाच लागतो. यंत्राची झीज आणि मेकॅनिकची फेरीही तशीच. मेंब्रेन तीन वर्षं चाललं असं धरूनही वर्षाचे ४९०० च्या वर जातात, म्हणजे लिटरला एक रुपया सत्तर पैसे. तीस रुपयांचा जार लिटरला दीड रुपयाला पडतो. त्या घरात जारच स्वस्त.

दोन्हींचं पारडं रोजच्या नऊ-दहा लिटरपाशी समसमान होतं. त्याखाली जार, त्यावर यंत्र. बाटली या स्पर्धेत कुठेच नाही: पाच माणसांच्या घराने २० रुपयांच्या बाटल्यांवर वर्ष काढायचं म्हटलं तर १ लाख ४६ हजार लागतील. त्या वीस रुपयांत पाण्याची किंमत नगण्य असते. पैसे प्लास्टिकच्या बाटलीचे, झाकणाचे, खोक्याचे, गाडीभाड्याचे आणि दुकानदाराच्या कमिशनचे. प्रवासात ती सोय म्हणून घ्यावी, पण तिच्याशी तुलना करून यंत्र विकणारा अवघड पेपर टाळून सोपा देतो आहे हे ओळखावं. खरी तुलना जारशी.

फिल्टरचा खर्च हाच मोठा असल्यामुळे तो कधी करायचा, हे आपल्याला कळलं पाहिजे. पैसे दोन्हीकडून जातात: चांगलं मेंब्रेन फेकून, आणि मेलेलं मेंब्रेन चालवत राहून. यासाठी दोनच मापं पुरतात. दीड-दोनशे रुपयांचा पेनासारखा टीडीएस मीटर आणि एक लिटरचं मापटं.

नवं मेंब्रेन बसवलं त्या दिवशी आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारं पाणी मोजून तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. समजा आत १२०० आणि बाहेर ९०. म्हणजे मेंब्रेनने ९२ टक्क्यांहून जास्त क्षार अडवले. दर महिन्याला हेच मोजायचं. बाहेरचा आकडा १८० च्या पुढे जाऊन तिथेच राहिला, म्हणजे अडवणूक ८५ टक्क्यांखाली आली, तर मेंब्रेन थकलं. नुसता बाहेरचा आकडा बघून भागत नाही, कारण उन्हाळ्यात बोअर खोल गेला की आतलाच आकडा चढतो. मेंब्रेन ठीक असूनही बाहेरचा वाढतो. टक्केवारी मात्र फसवत नाही.

एक पळवाट मात्र आहे. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळायचा स्क्रू असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. कोणी तो ढिला केला की बाहेरचा आकडा एकदम दीडशेने वाढतो आणि ‘मेंब्रेन गेलं’ हे निदान तयार होतं. म्हणून मेंब्रेनमधून निघणारी बारीक नळी मिसळण्याच्या आधी सोडवून तिथलं पाणी मोजायला सांगायचं. मेकॅनिक कुरकुरला तर समजायचं की प्रश्न बरोबर जागी लागला.

दुसरं माप वेगाचं. तासाला १२ लिटर म्हणजे एक लिटर भरायला पाच मिनिटं. तेच दहा मिनिटांवर गेलं आणि टीडीएस मात्र जागच्या जागी असेल, तर आधी १२० रुपयांचा स्पन फिल्टर बदलून बघायचा; दोन हजारांच्या मेंब्रेनला हात लावायचा नाही. गुंडाळी चिखलाने भरली की पंपाला पाणीच पुरत नाही. ती बदलूनही वेग आला नाही तर पंपाचा दाब तपासायचा, आणि मग मेंब्रेनवर क्षार साचल्याचा संशय घ्यायचा. आणखी एक: मेंब्रेनवर लिहिलेला वेग २५ अंशाच्या पाण्याचा असतो. पाणी एकेक अंश गार झालं की वेग साधारण तीन टक्क्यांनी उतरतो. पौष-माघातल्या सकाळी यंत्र संथ चालतं ते बिघाड म्हणून नव्हे.

मीटरची मर्यादाही सांगायला हवी. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत, आणि नायट्रेट किती हेही वेगळं सांगता येत नाही. ऊस-केळीच्या पट्ट्यात खतांचं नायट्रेट बोअरला उतरण्याचा धोका असतो. मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिथे सवलत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने घट्ट होतं. अतिनील दिव्यानेही जात नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतूनच तपासून आणावा लागतो. तोवर कुठलं यंत्र घ्यायचं हा प्रश्न अर्धाच सुटलेला असतो.

आतापर्यंतच्या हिशेबात एक खर्च मुद्दाम बाजूला ठेवला होता, आणि करमाळा तालुक्यात त्यालाच सगळ्यात जास्त वजन आहे. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. वीस लिटरसाठी ऐंशी लिटर आत, साठ लिटर मोरीत. स्वतःचा बोअर असला आणि त्याला पाणी असलं तर हे पैशांत जाणवत नाही. चैत्र-वैशाखात टँकर सुरू झाला की चित्र बदलतं. पाच हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना धरा, म्हणजे लिटरला वीस पैसे. आरओच्या एका लिटरसाठी चार लिटर लागतं, म्हणजे ऐंशी पैसे फक्त पाण्याचे. आधीचे शहात्तर मिळवले की एक रुपया छप्पन्न. एवढ्यात जार येतो.

या भागाला वाहून आणलेल्या पाण्याचा भाव नवा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वे धावली, ती इथून जवळच्या कुर्डुवाडीवरूनच. १२ एप्रिलला पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. मे महिन्यात रेल्वेने तोवर पोचवलेल्या सुमारे सव्वासहा कोटी लिटरसाठी ४ कोटींच्या आसपास बिल धाडलं. म्हणजे नुसत्या वाहतुकीचे लिटरला चौसष्ट-पासष्ट पैसे, आणि ते पाणी अजून शुद्ध व्हायचं होतं.

वाया जाणारं पाणी वापरलं तर मात्र हिशेब परत सावरतो. यंत्राची वेस्टची नळी मोरीत न सोडता पिंपात सोडायची. आत हजार टीडीएस असेल तर बाहेर पडणारं पाणी तेराशेच्या आसपास असतं. संडासाला, फरशी पुसायला, चपला-पायपुसणी धुवायला ते बिनधास्त चालतं. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग पाडतं, आणि तुळशीला किंवा कुंडीतल्या मातीला रोज घातलं तर माती हळूहळू खारी होते. ते साठ लिटर कुठल्या तरी कामाला लागले तर टँकरच्या महिन्यांतही शुद्ध पाणी लिटरला रुपयाच्या आतबाहेर राहतं. काही लोक याच्या उलट करतात: वेस्टच्या नळीला चिमटा लावतात किंवा तिथला प्रवाह-नियंत्रक घट्ट बसवतात. महिनाभर पाणी वाचतं. मग बाहेर न गेलेले क्षार मेंब्रेनच्या जाळीवर दगडासारखे बसतात आणि दोन हजारांचं मेंब्रेन चार-सहा महिन्यांत जातं. लिटरमागे फार तर साठ पैसे वाचवताना गेलेले दोन हजार कोणी हिशेबात धरत नाही.

जार स्वस्त असतो तेव्हा तो कसला आहे हेही बघायला हवं. झाकणावर प्लास्टिकचं सील, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक आणि ‘आयएस १४५४३’ हा मानकाचा आकडा असलेला जार एक प्रकारचा. तो बहुधा सत्तर-ऐंशी रुपयांच्या खाली मिळत नाही आणि त्या भावाला घरचं यंत्र दोन माणसांनाही परवडतं. तीस रुपयांचा निळा किंवा थर्मासचा जार फिरकीच्या झाकणाचा असतो, सील नसतं. त्याचं पाणी आरओचं असेलही, टीडीएस मीटर चाळीस दाखवेलही, पण जार आतून ब्रशने धुतला होता की नुसता खळबळून भरला, हे मीटर सांगणार नाही. उजेडाकडे धरून तळ बघावा: हिरवट झाक किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर तो परत द्यावा. आणि उघडलेला जार दोन दिवसांत संपवावा. दोन म्हाताऱ्यांच्या घरी तो अडीच दिवस पुरतो, तेवढं चालतं. एकट्या माणसाच्या घरी पाच दिवस राहतो, तिथे दहा लिटरचा मागितलेला बरा.

या सगळ्याहून स्वस्त पाणी अनेक गावांत ग्रामपंचायतीच्या आरओवर मिळतं. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर, म्हणजे लिटरला पंचवीस पैसे. घरच्या यंत्राच्या एक-तृतीयांश. मोठं मेंब्रेन दिवसभर चालतं, रोज हजारो लिटरवर त्याची किंमत वाटली जाते, कार्बन पडून सडत नाही आणि मेकॅनिकची एक फेरी अख्ख्या गावाला पुरते. अशी केंद्रं बंद पडतात ती बहुधा मेंब्रेन बदलायला पैसे बाजूला न ठेवल्यामुळे, आणि बंद पडण्याआधी काही महिने ती नुसतंच गाळलेलं पाणी देत राहतात. घरच्या यंत्रासाठी घेतलेला मीटर तिथेही न्यावा. नाणं टाकण्याआधी तोटीखालचं पाणी मोजावं, आकडा गेल्या महिन्यापेक्षा दुप्पट दिसला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगावं.